वर्षभरासाठी एक लाख: ट्रेझरी बिल की गिल्ट फंड?

प्रश्न: उसाच्या बिलातले एक लाख बाजूला ठेवलेत. वर्षाने मुलीच्या फीला लागणार. कोल्हापुरात बसून सरकारी ट्रेझरी बिल थेट घेता येतं का? की गिल्ट फंड बरा? दोन्हीत पैसा सरकारकडंच जातो ना?

उत्तर: घेता येतं, आणि तुमच्या गरजेला 364 दिवसांचं बिलच योग्य आहे.

रिझर्व्ह बँकेच्या rbiretaildirect.org.in वर खातं मोफत उघडतं. पॅन, आधार, बँक खातं आणि वारसाची माहिती लागते. पॅनवर आणि बँकेत नाव वेगवेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं असेल तर काम तिथंच अडतं, म्हणून ते आधी सारखं करून घ्या.

लिलाव साधारणपणे बुधवारी होतो. बोली मंगळवारीच टाकून पैसेही तेव्हाच भरा, कारण पैसे वेळेत पोचले नाहीत तर बोली रद्द होते. दर तुम्ही सांगायचा नसतो. मोठ्या बँकांच्या बोलींतून निघालेल्या सरासरी भावानं तुम्हाला बिल मिळतं. भाव आधी ठरलेला नसल्यामुळं सुरुवातीला थोडे जास्त पैसे घेतात आणि उरलेले परत येतात. किमान रक्कम दहा हजार, पुढं दहा हजारांच्या पटीत.

समजा शंभराला 94 रुपये भाव निघाला. एक लाखाच्या बिलाला 94,000 पडतील आणि 364 दिवसांनी बँक खात्यात पूर्ण एक लाख येतील. म्हणजे वर्षाला सुमारे 6.4 टक्के. मधे व्याज नाही, फरकाचे सहा हजार हीच कमाई. ती तुमच्या स्लॅबप्रमाणं करपात्र असते.

गिल्ट फंडातही पैसा सरकारी रोख्यांतच जातो, पण त्या फंडाला मुदत नसते. जुने रोखे विकायचे, नवे घ्यायचे, हे सतत चालू असतं. त्यात दहा वर्षांचे रोखे असतील आणि बाजारातला व्याजदर एक टक्क्यानं वाढला, तर जास्त व्याजाच्या नव्या रोख्यांपुढं त्यांची किंमत सुमारे सात टक्क्यांनी उतरते. वर्षभराचं व्याज त्यातच जातं आणि फीच्या वेळी जेवढे घातले जेमतेम तेवढेच हातात येतात. दर उतरले तर उलट चांगला फायदा होतो, हेही खरं. पण फीची तारीख त्यासाठी थांबत नाही.

इथं एक गैरसमज होतो, की रोखा थेट घेतला म्हणजे तोटा होतच नाही. दहा वर्षांचा रोखा तुम्ही थेट घेतलात आणि वर्षात विकायला गेलात, तर तोटा तेवढाच होईल. मुदतीपर्यंत धरला तरच दर्शनी किंमत पूर्ण मिळते. त्यामुळं थेट घेताना पैसे कधी लागणार ती तारीख पाहून मुदत निवडा.

बिल मधेच विकता येतं, पण लहान रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेल असं नाही आणि मिळालं तरी भाव पाडून मागतात. पैसे अचानक लागण्याची शक्यता असेल तर तेवढा भाग लिक्विड फंडात ठेवा. त्यातले रोखे जास्तीत जास्त 91 दिवसांचे असतात, त्यामुळं दर हलले तरी धक्का किरकोळ बसतो, आणि पैसे सहसा कामाच्या दुसऱ्या दिवशी मिळतात.