कारागृह अधीक्षकांना आईने लिहायचे पत्र

प्रश्न: मुलगा न्यायाधीन बंदी आहे, त्याला मधुमेह आहे, उपचारासाठी अधीक्षकांना पत्रात काय लिहू?

पहिल्याच वाक्यात मुलाचे नाव, बंदी क्रमांक आणि नेमकी मागणी लिहावी: ‘कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याची तपासणी करून इन्सुलिन नियमित द्यावे.’ आजारी बंद्याची माहिती विनाविलंब वर कळवणे हे १८९४ च्या कारागृह कायद्यापासूनच कर्मचाऱ्यांचे कर्तव्य ठरलेले असल्यामुळे, ‘तब्येत बरी नाही’ एवढ्यावर न थांबता इन्सुलिनची मात्रा व वेळ, कोणत्या तारखांना ते चुकले आणि भेटीत दिसलेली लक्षणे (अतिशय तहान, ग्लानी) नोंदवावीत. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीची छायाप्रत जोडून आवक शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेवावी. पुढे तोच पुरावा ठरतो. मात्र खासगी रुग्णालयात हलवायचे असल्यास वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करावा.