फराळाच्या ऑर्डरसाठी एक पान: आधी एवढंच करा

ताई, इन्स्टाग्रामवर "रेट काय?" याचं उत्तर रोज द्यावं लागतंय, म्हणजे स्वतःच्या वेबपानाची वेळ झाली. पण गॅलरी, ब्लॉग, ऑनलाइन पेमेंट आत्ता नको.

मोबाइल उघडताच, न सरकवता तीन गोष्टी दिसू द्या: काय बनवता, कुठल्या भागात पोचवता आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. बटणामागची लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=चकली%20हवी
```

X च्या जागी तुमचा दहा आकडी नंबर. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: 91 च्या आधी + किंवा नंबराआधी 0 टाकला की लिंक बिघडू शकते. text मुळे गिऱ्हाइकाला मजकूर आयता मिळतो, फक्त 'पाठवा' दाबायचं. तपासायला लिंक दुसऱ्याच्या फोनवरून दाबून बघा.

दुसरी चूक म्हणजे रेटकार्डाचा फोटो चिकटवणं. फोनवर तो वाचवत नाही, आणि भाजणीचा भाव वाढला की अख्खं चित्र नव्याने करावं लागतं. "चकली, अर्धा किलो, इतके रुपये, दोन दिवस आधी ऑर्डर" असं सरळ टाइप करा.

खाली एफएसएसएआयचा 14 आकडी नोंदणी क्रमांक द्या. घरचा पूर्ण पत्ता मात्र नको, परिसराचं नाव पुरे. मग या पानाची लिंक इन्स्टाग्रामच्या बायोत टाका.