चहासाठी साखर, स्टीव्हिया, सुक्रालोज की शुगर-फ्री गोळ्या?

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे, दिवसाला चार कप चहा लागतो. साखर, स्टीव्हिया, सुक्रालोज की शुगर-फ्री गोळ्या, काय द्यावं? कोणी काय टाळावं?

उत्तर: मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे डबीच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करतो. ‘शुगर-फ्री गोळी’ हा काही वेगळा पदार्थ नाही. एका डबीत अ‍ॅस्पार्टेम असतं, दुसरीत सुक्रालोज, तिसरीत स्टीव्हिया. समोरच्या बाजूला हिरवं पान छापलं असलं तरी मागची घटकांची यादी वाचाच. स्टीव्हियाच्या पुड्यांमध्ये वजन भरायला बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घातलेलं असतं आणि या दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. एका पुडीने फारसा फरक पडत नाही, पण सात-आठ पुड्या झाल्या की पडतो.

वडील कपाला दोन चमचे साखर घेत असतील तर चार कपांत आठ चमचे होतात, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. ती बंद करणं फायद्याचंच आहे. त्यांच्यासाठी मी सुक्रालोजची गोळी निवडेन. चहात तिची चव साखरेच्या जवळ जाते. स्टीव्हियाची कडवट चव मागे जिभेवर रेंगाळते. ती चालत असेल तर स्टीव्हियाही उत्तम. अ‍ॅस्पार्टेमचा गोडवा उकळताना कमी होतो, म्हणून ती गोळी गाळलेल्या चहात टाका. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम पूर्ण टाळायचं. सुक्रालोज घालून शंकरपाळे तळू नका, केक भाजू नका. फार तापवल्यावर त्यातून क्लोरीनयुक्त घातक पदार्थ तयार होऊ शकतात. खीर शिजल्यावर, खाली उतरवून घाला.

घरातल्या बाकीच्यांनी केवळ वजन उतरवायला हे घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तसंच सांगितलं. तो सल्ला मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. लहान मुलांना तर अजिबात सवय लावू नका. आणि चहासोबतची चार बिस्किटं तशीच राहिली तर गोळी बदलून काय उपयोग? तोही मैदा आणि साखरच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वडील इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर रक्तातली साखर कधी एकदम खाली जाऊ शकते, म्हणून घरातून साखर हद्दपार करू नका. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर आधी ग्लुकोमीटर लावा. रक्तातली साखर ७० च्या खाली असेल तर शुगर-फ्री चहा काहीही करणार नाही. तेव्हा तीन चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. त्यांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारं एन्झाइमच हे औषध अडवतं. अशा वेळी ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. त्यांच्या औषधाच्या पट्टीवर ही नावं आहेत का, ते आजच बघून घ्या.