डीपीआय वाढवला आणि नेमच गेला

लॅमिंग्टन रोडवरून नवा माउस आणला, डीपीआय ३२०० केला तर पॉइंटर नुसता पळतोय, पोलिंग रेट कमी करू का?

नको रे, पोलिंग रेटचा वेगाशी संबंध नाही, माउस आपली जागा पीसीला किती वेळा कळवतो एवढंच ते, १२५ ला दर ८ मिलिसेकंदांनी, १००० ला दर १ ने, म्हणून हालचाल स्मूथ वाटते. पळतोय तो डीपीआयमुळे. ३२०० म्हणजे माउस एक इंच सरकला की पॉइंटर ३२०० पिक्सेल, मग १९२० ची स्क्रीन पाऊण इंचाच्या आतच पार! ८०० ठेव, तेवढ्यालाच जवळपास अडीच इंच लागतील, हात जरा थरथरला तरी क्लिक चुकणार नाही. आणि विंडोजमधलं Enhance pointer precision बंद कर, ते चालू असलं की झटक्यात हलवल्यावर पॉइंटर जास्त लांब जातो आणि हे गणितच बसत नाही.