फोन उचलल्यानंतरचे पहिले दहा सेकंद

मी शीतगृहांना तापमान नोंदवणारी यंत्रं विकते. "नमस्कार सर, कसे आहात?" म्हटलं की समोरचा फोन ठेवतो. इतकं नम्रपणे बोलूनही असं का होतं?

अनोळखी नंबर उचलणारा माणूस पहिल्या दोन-तीन सेकंदांत एवढंच ताडत असतो, की हा कोण आणि याला माझ्याकडून काय हवंय. "कसे आहात?" हे ओळखीच्या माणसानं विचारायचं असतं. तेच अनोळखी आवाजात ऐकू आलं की विक्रीचा फोन आहे हे त्याला लगेच कळतं, आणि आपण ते सांगायचं टाळतोय अशी शंकाही येते. ती शंका आली की तो फोन ठेवायला मोकळा होतो.

तुम्ही लिहून पाठवलेली सुरुवात मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचली: "नमस्कार सर, मी अमुक बोलतेय, तमुक कंपनीतून, कसे आहात? सर, आमची कंपनी गेली 12 वर्षं शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी यंत्रं बनवते आणि सध्या आमची एक खास ऑफर चालू आहे, तर आपल्याकडे दोन मिनिटं आहेत का?" शब्द 34, वेळ 15 सेकंद. एवढ्या वेळात त्याच्या गोदामाबद्दल, त्याच्या कामाबद्दल एक अक्षरही आलेलं नाही. तुमच्या कंपनीची 12 वर्षं त्याच्या काही कामाची नाहीत, निदान आत्ता तरी नाहीत.

तुम्ही असंही लिहिलंय, की यादीतल्या एका शीतगृहानं मागच्या महिन्यात जाहिरात दिली होती, रात्री दर तासाला तापमान लिहून ठेवायला माणूस हवा म्हणून. तुमच्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती फोनवर कुठेच आली नाही याची मला हळहळ वाटली. ती पुढे आणून सुरुवात अशी करता येईल: "नमस्कार, मी अमुक, तमुक कंपनीतून. आपण आधी बोललेलो नाही. रात्री दर तासाला तापमान लिहायला माणूस हवाय, ही तुमची जाहिरात वाचली, त्यावरून फोन केलाय. अर्ध्या मिनिटात सांगते, मग ठरवा. चालेल?"

दहा सेकंद संपेपर्यंत जाहिरातीचा उल्लेख होऊन गेलेला असतो. हा फोन आपल्यालाच केलाय, यादीतल्या शंभर जणांना नाही, हे त्याला समजतं. किती वेळ जाणार तेही समजतं. "चालेल?" म्हटल्यावर मात्र थांबा. तिथली दोन सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि बरेच जण घाबरून पुढे बोलत सुटतात. मग विचारण्याला काही अर्थच उरत नाही.

प्रत्येक नंबरामागे असं कारण सापडत नाही. अशा वेळी त्या धंद्यातली नेमकी एक अडचण धरा: "रात्री कॉम्प्रेसर बंद पडला तर ते सकाळीच कळतं, असं शीतगृहवाले सांगतात, त्याबद्दल फोन केलाय." हे जाहिरातीइतकं धारदार नाही, पण "खास ऑफर"पेक्षा कितीतरी बरं.

मी तोंड उघडायच्या आतच लोक फोन ठेवतात. माझ्या कानावर पहिला आवाज येतो तो "हॅलो? हॅलो?" असा वैतागलेला. माझं काय चुकतंय?

तुमचं काहीच चुकत नाहीये, चूक डायलरची आहे. आपोआप नंबर लावणारी यंत्रणा एकाच वेळी बरेच नंबर लावते आणि कुणी उचलल्यावर मोकळ्या असलेल्या माणसाला जोडून देते. उत्तर देणारं यंत्र आहे की माणूस, हे ओळखण्याची सोय चालू असेल तर ती आधी समोरचा आवाज ऐकून घेते. त्यात एक-दोन सेकंद जातात. समोरच्यानं पहिलं "हॅलो" म्हटलेलं तुमच्यापर्यंत पोचतच नाही. त्या शांततेचा अर्थ आता सगळ्यांना पाठ झालाय.

कॉल लॉग काढा आणि दोन ते चार सेकंदांत संपलेले फोन मोजा. ते फार असतील तर तो लॉग घेऊन यंत्रणा सांभाळणाऱ्याकडे जा, ती ओळखण्याची सोय बंद करायला सांगा, आणि महत्त्वाची यादी हातानं नंबर लावून करा. दिवसाचे फोन कमी होतील, हे साहेबांना आधीच सांगून ठेवा.

"कोण? कुठून?" असं मला दर दुसऱ्या फोनवर विचारतात. मग सगळं पुन्हा सांगावं लागतं आणि लय जाते.

साधी टेलिफोन लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते. स, श, फ यांची धार बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जाते. ओळखीचा शब्द असेल तर कान अंदाजानं भरून काढतो, पण तुमचं आणि कंपनीचं नाव तो पहिल्यांदाच ऐकत असतो. त्यात ही दोन नावं दिवसातून ऐंशी वेळा म्हणून आपली जीभ घसरत जाते. हे माझंही व्हायचं, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत मला पत्ताच नव्हता.

नाव सांगा, अर्धा सेकंद थांबा, मग कंपनीचं नाव सांगा. दोन्हींच्या शेवटी आवाज खाली येऊ द्या. शेवटी वर चढलेला आवाज परवानगी मागितल्यासारखा ऐकू येतो. पुढचं वाक्य नेहमीच्या वेगात बोला. सगळंच सावकाश बोललात तर पाठ केल्यासारखं वाटतं.

आमचे मॅनेजर म्हणतात, "मागच्या आठवड्यात आपलं बोलणं झालं होतं" असं म्हणा, लोक ऐकून घेतात. आकडे खरंच वाढलेत. पण मला अवघड वाटतं.

अवघड वाटतं तेच बरोबर आहे. हे खोटं आहे, करू नका. लोक थांबतात कारण ते आठवायचा प्रयत्न करत असतात, आणि आकड्यांत तेवढाच वेळ दिसतो. मॅनेजरना त्याच फोनांचं पुढचं खातं दाखवा: किती जणांनी भेटीची वेळ दिली, आणि त्यातले किती भेटीला खरंच हजर होते. "आपण आधी बोललेलो नाही" हे खरं वाक्यही माणसाला थांबवतं, कारण त्यामुळे त्याला आठवत बसावं लागत नाही.

"आत्ता बोलायला वेळ आहे का?" असं विचारावं की नाही?

नुसतं तेवढंच विचारू नका. कशासाठी ते माहीत नसताना कुणीही "नाही" म्हणेल. आधी कारण, मग किती वेळ, मग प्रश्न, हा क्रम ठेवा. तरीही "मीटिंगमध्ये आहे" असं उत्तर आलं तर घासाघीस नको. "ठीक आहे, चारला करू की उद्या सकाळी अकराला?" एवढं विचारा आणि दिलेल्या वेळेला फोन कराच. तेव्हा सुरुवात सोपी असते: "तुम्ही चारला करायला सांगितलं होतं." "पुन्हा करू नका" म्हणाला, तर त्याच्यासमोरच "यादीतून काढते" म्हणा आणि खरंच काढा.

नवी सुरुवात जुनीपेक्षा बरी आहे हे कसं ओळखायचं? दोन दिवस करून पाहिली, फरक कळला नाही.

दोन दिवसांत कळणार नाही. त्याच प्रकारच्या यादीवर, दिवसाच्या त्याच वेळी, जुन्या सुरुवातीनं शंभर आणि नव्या सुरुवातीनं शंभर उचललेले फोन होऊ द्या. बदल एका वेळी एकच करा. मग 30 सेकंदांच्या पुढे गेलेले फोन दोन्हीकडचे मोजा. दोन-चारांचा फरक योगायोगानंही पडतो, त्यावर विसंबू नका. आणि तुटलेल्या फोनांपैकी दहा-बारा रेकॉर्डिंगं ऐका. माणूस नेमक्या कुठल्या शब्दावर गेला ते वहीत लिहा. चार-पाच वेळा तोच शब्द आला, तर आधी तो काढा.