Cu⁺ पाण्यात का टिकत नाही?

प्रश्न: «Cu⁺ पाण्यात टिकत नाही, त्याचे Cu²⁺ आणि Cu मध्ये डिस्प्रपोर्शनेशन होते, एवढेच पुस्तकात दिले आहे. हे इलेक्ट्रोड पोटेन्शियलवरून कसे सिद्ध करायचे? मी काढले तर एकदा 0.37 येते आणि एकदा 0.19, यातले बरोबर कोणते?»

तुमची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि या ठिकाणी विद्यार्थ्यांचा गोंधळ दरवर्षी होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी २५ अंश सेल्सिअसची प्रमाण पोटेन्शियल्स समोर ठेवू. ती नेहमीप्रमाणे क्षपणाच्या दिशेने लिहिली आहेत.

Cu²⁺ + e⁻ → Cu⁺  ०.१५ व्होल्ट
Cu⁺ + e⁻ → Cu  ०.५२ व्होल्ट

पोटेन्शियल जितके जास्त धन, तितकी ती जोडी इलेक्ट्रॉन घ्यायला अधिक उत्सुक. वरच्या दोन ओळींत Cu⁺ दोनदा आला आहे, आणि सगळी गोष्ट तेथेच आहे. दुसऱ्या ओळीत तो इलेक्ट्रॉन घेणारा आहे. पहिली ओळ उलटी वाचली, तर तोच Cu⁺ इलेक्ट्रॉन देणारा ठरतो. घेण्याची ओढ ०.५२ आणि दिलेला इलेक्ट्रॉन परत ओढून घेणाऱ्या Cu²⁺ ची ओढ मात्र ०.१५, त्यामुळे दोन Cu⁺ आयन शेजारी आले की एकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जाणे ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचे असते. एक आयन Cu²⁺ होतो आणि दुसरा धातूरूप तांबे होतो.

2Cu⁺ → Cu²⁺ + Cu

या अभिक्रियेचे पोटेन्शियल ०.५२ − ०.१५ = ०.३७ व्होल्ट. ते धन आहे, म्हणून प्रमाण स्थितीत अभिक्रिया आपोआप उजवीकडे जाते. याउलट पहिल्या ओळीचा आकडा दुसरीपेक्षा मोठा असता, तर मधली अवस्था टिकली असती.

आता तुमचे ०.१९ कुठून आले ते पाहू. तुम्ही बहुधा Cu²⁺ + 2e⁻ → Cu ही जोडी घेतली असणार, जिचे पोटेन्शियल ०.३४ व्होल्ट आहे, आणि त्यातून ०.१५ वजा केले. मात्र तसे करताना इलेक्ट्रॉन जुळवण्यासाठी पहिली ओळ उलटी करून दोनदा घ्यावी लागते, म्हणजे दोन Cu⁺ चे दोन Cu²⁺ होतात आणि त्यांतला एक Cu²⁺ दोन इलेक्ट्रॉन घेऊन तांबे बनतो. बेरीज केली की अभिक्रिया तीच उरते, पण या हिशोबात हातातून हातात गेलेले इलेक्ट्रॉन एक नसून दोन आहेत. पोटेन्शियल हे दर इलेक्ट्रॉनमागचे माप आहे; ऊर्जा मिळते ती ΔG° = −nFE° या सूत्रावरून. एका मार्गाने १ × ०.३७, दुसऱ्याने २ × ०.१९, आणि आकडे अधिक नेमके घेतले (०.१८५) तर दोन्हीकडे ०.३७ च येते. म्हणजे ΔG° दोन्ही मार्गांनी सुमारे −३६ किलोज्यूल प्रति मोल. समतोल स्थिरांक काढताना ०.१९ सोबत n = १ वापरले, तर मात्र उत्तर हजारपटीहून अधिक चुकते. ०.३४ हा आकडाही याच नियमाने जन्मतो: ०.१५ आणि ०.५२ यांची बेरीज ०.६७, ती दोन इलेक्ट्रॉनांत वाटली की ०.३३५.

समतोल स्थिरांक: log K = ०.३७ ÷ ०.०५९२ = ६.२५, म्हणून K सुमारे १.८ × १०⁶. येथे K = [Cu²⁺] ÷ [Cu⁺]², कारण घन तांब्याची क्रियाशीलता १ धरतात.

या आकड्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते एका साध्या प्रयोगात दिसते. क्युप्रस ऑक्साइडची, म्हणजे Cu₂O ची, लालसर पूड १.४३ ग्रॅम (०.०१ मोल) घ्या आणि ती १०० मिलिलिटर विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून ढवळा. आम्लाने ऑक्साइड नुसते विरघळले असते, तर रंगहीन द्रावण मिळाले असते आणि तळाशी काही उरले नसते. प्रत्यक्षात द्रावण हळूहळू निळे होते आणि तळाशी तांबूस गाळ राहतो. मूळची पूडही लालसरच असल्याने पूड विरघळलीच नाही असा संशय येऊ शकतो, म्हणून गाळ गाळून, धुऊन, वाळवून तोलावा. सिद्धांताप्रमाणे तो ०.६४ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, म्हणजे पुडीतले बरोबर निम्मे तांबे. हवा लागत राहिली तर थोडे तांबे विरघळून वजन कमी भरते. येथे नायट्रिक आम्ल वापरू नये; ते तयार झालेले तांबेही खाऊन टाकते आणि काहीच सिद्ध होत नाही.

आता हिशोब. द्रावणात Cu⁺ टिकला असता तर त्याची संहती ०.२ मोल प्रति लिटर असती. डिस्प्रपोर्शनेशननंतर Cu²⁺ जवळजवळ ०.१ होतो, आणि उरलेला Cu⁺ म्हणजे (०.१ ÷ १.८ × १०⁶) याचे वर्गमूळ, सुमारे २.४ × १०⁻⁴. हजारात जेमतेम एक आयन Cu⁺ म्हणून शिल्लक राहतो. पण K च्या सूत्रात Cu⁺ वर्गात असल्यामुळे द्रावण विरल करत गेलो की हा वाटा वाढतो. एकूण Cu⁺ फक्त १०⁻⁶ मोल प्रति लिटर घेतला, तर सुमारे ४० टक्के तसाच राहतो. त्यामुळे «पाण्यात Cu⁺ अजिबात नसतो» हे विधान मी कधी करत नाही.

पोटेन्शियल हे किती ओढ आहे ते सांगते, ती ओढ का आहे ते सांगत नाही. कारण पाण्यात आहे. वायुरूपात Cu⁺ चा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला १९५८ किलोज्यूल प्रति मोल लागतात, आणि तेथे हे डिस्प्रपोर्शनेशन मुळीच परवडणारे नाही. पण लहान आणि दुहेरी प्रभाराच्या Cu²⁺ भोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट जमतात की सुमारे २१०० किलोज्यूल परत मिळतात, तर Cu⁺ भोवती फक्त ५९० च्या आसपास. या परताव्याला घन तांब्याच्या बंधनाची ऊर्जा मिळाली की पारडे उजवीकडे झुकते.

म्हणूनच Cu⁺ ला पाण्यापासून दूर केले की तो टिकतो. CuI चा विद्राव्यता गुणाकार सुमारे १०⁻¹² आहे. द्रावणात आयोडाइड १ मोल प्रति लिटर असेल, तर मोकळ्या Cu⁺ ची संहती १०⁻¹² वर येते आणि दोन्ही पोटेन्शियल्स १२ × ०.०५९२ = ०.७१ व्होल्टने सरकतात, पण विरुद्ध दिशांना. Cu²⁺ वरून CuI होण्याचे पोटेन्शियल ०.८६ होते, CuI वरून तांबे होण्याचे −०.१९. आता पहिला आकडा मोठा झाला, म्हणून CuI चे डिस्प्रपोर्शनेशन होत नाही. उलट I₂ आणि I⁻ या जोडीचे ०.५४ आहे, ते ०.८६ पेक्षा कमी. त्यामुळे निळ्या Cu²⁺ द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातले की आयोडीन मोकळे होऊन द्रावण तपकिरी होते, आणि त्यात थायोसल्फेट सोडून तपकिरी रंग घालवला की खाली बसलेला CuI चा पांढुरका साका स्पष्ट दिसतो.