मालकाचा जीएसटी नंबर नसेल तर दुकानाच्या भाड्यावरचा कर कोणी भरायचा?

«इंदूरला सियागंजाजवळ दुकान घेतलंय, भाडं महिना 25 हजार. माझा जीएसटी नंबर आहे, मालकाचा नाही. भाड्यावरचे 18 टक्के मीच भरायचे का? आणि भरले तर मालकाच्या भाड्यातून कापून घेऊ का?»

हो, तुम्हीच भरायचे. आणि कापू नका. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणी असलेल्या भाडेकरूला राहत्या घराखेरीज कुठलीही जागा दिली, की कराची जबाबदारी भाडेकरूची. मालकाला पूर्ण 25 हजार द्या आणि 4,500 सरकारला भरा, 2,250 केंद्राचे नि 2,250 राज्याचे. भाडं लहान आहे म्हणून सूट मिळत नाही. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरत असाल, तर मात्र 16 जानेवारी 2025 पासून हे लागू नाही.

हे 4,500 जमा असलेल्या क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून, भागत नाहीत, जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये पैसे टाकूनच भरावे लागतात. GSTR-3B या रिटर्नमध्ये ते 3.1(d) ला दाखवा. तुमच्या विक्रीवर कर लागत असेल तर त्याच रिटर्नमध्ये 4(A)(3) ला तेवढंच क्रेडिट घ्या. मालक बिल देऊ शकत नाही, म्हणून दर महिन्याचं बिल तुम्हीच स्वतःच्या नावावर फाडायचं, 30 दिवसांच्या आत. पैसे देताना पेमेंट व्हाउचरही करा.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून जुनी जखम उघडी पडली. माझं छपाईचं काम आहे, भाडं 30 हजार. माझ्या मालकांचा नंबर होता, ते दर महिन्याला 5,400 लावून बिल द्यायचे. त्यांनी दुसरा धंदा बंद केला आणि नोंदणी रद्द करून घेतली, 1 जानेवारी 2025 पासून. मला सांगितलं नाही. बिलं जुन्याच नंबराची येत राहिली नि मी पैसे देत राहिलो.

खूण समोर होती. जानेवारीपासून त्यांचं बिल माझ्या GSTR-2B मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या यादीत, दिसेना. मी ज्या कार्यालयात रिटर्नचं काम देतो, तिथे तीनदा विचारलं. दर वेळी उत्तर एकच, «मालकांनी उशिरा भरलं असेल, पुढच्या महिन्यात येईल, आपण क्रेडिट घेऊन टाकू.» आणि ते घेतलंही. पोर्टलवर Search Taxpayer मध्ये नंबर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं, ते कोणी केलं नाही. मीही केलं नाही, ही माझी चूक. ऑगस्टअखेर मी स्वतः बघितलं, तर Cancelled.

जानेवारी ते जुलै, सात महिन्यांचे 37,800 मालकाला दिलेले. पण नोंदणी गेली त्या दिवसापासून कर भरायची जबाबदारी माझ्याकडे आली होती. मालकाला दिलेला पैसा सरकारकडे भरला असं धरलं जात नाही. म्हणून चुकीचं क्रेडिट परत केलं, वापरून झालेलं असल्याने व्याजासह. वर 37,800 रोखीने भरले, त्यावरही 18 टक्के व्याज. नुसत्या जानेवारीच्या 5,400 वर, 20 फेब्रुवारीपासून 20 सप्टेंबरपर्यंत 212 दिवसांचे सुमारे 565 रुपये झाले. स्वतःची बिलं फाडून भरलेल्या कराचं क्रेडिट मिळालं, पण ते व्याज गेलं ते गेलंच.

मालकांना मी स्पष्ट सांगितलं, नोंदणी नसताना कर घेता येत नाही, पैसे परत करा. एकरकमी नाही जमलं, पुढच्या भाड्यात वळते करून घेतले. त्या कार्यालयाने मात्र «चूक मालकाची» म्हणून हात झटकले. ज्याच्या हातात रिटर्न आहे त्याने 2B मध्ये न दिसणाऱ्या बिलावर क्रेडिट घ्यायचंच नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुमचा खाण्याचा धंदा असेल, 5 टक्केवाला, तर हिशेब वेगळा. तिथे क्रेडिट मिळत नाही, म्हणजे हे 4,500 दर महिन्याचा सरळ खर्च. भाडं ठरवतानाच ते धरा. आयकराचा टीडीएस हे वेगळं प्रकरण, त्याची गल्लत करू नका.

मी सीए नाही, आपबीती सांगतोय. रक्कम भरण्याआधी तुमच्या सीएला करार दाखवा. आणि करारात एक ओळ टाकून घ्या, मालकाने पुढे नोंदणी घेतली किंवा रद्द केली तर सात दिवसांत लेखी कळवायचं. तुमच्या मालकाचा नंबर आज नसला तरी उद्या येऊ शकतो, आणि त्या दिवसापासून बिल त्यांनी द्यायचं, कर त्यांनी भरायचा, तुम्ही 3.1(d) ला भरणं थांबवायचं.